सुप्यात कागद का जाळले?

इंटर्नलच्या पेपरांचा गठ्ठा तपासून मी मार्क लावले आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात तिचा निबंध होता. दीड हजार शब्दांचा, रेघांच्या फुलस्केपवर, समास आखून लिहिलेला. विषय होता १८७५ चे दख्खनचे दंगे, म्हणजे कर्जबाजारी शेतकरी सावकारांवर उठले ते. अक्षर इतकं देखणं की लाल पेन टेकवायला जीव होऊ नये. तिनं तो माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी रात्री परत सगळं पुस्तकाशी ताडून पाहिलं. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. मग मार्क गेले कुठे?" मी थिसिस स्टेटमेंटचा, म्हणजे निबंधाच्या मुख्य विधानाचा, विषय काढल्यावर तिनं पहिला परिच्छेद उघडून दाखवला. ते वाक्य तिथे होतं, पट्टी धरून अधोरेखित केलेलं: '१८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत झालेल्या दंग्यांमागे सामाजिक, आर्थिक व राजकीय अशी विविध कारणे होती.' समासात मी पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं, 'मग?'

तिचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जाईना. त्या वाक्यात चूक नव्हती, कारण चुकण्याची सोयच त्यात नव्हती. या वाक्याला विरोध करणारा माणूस कोण असेल याची कल्पना करून बघा. 'छे छे, कारणं अजिबात विविध नव्हती' असं म्हणत कोण उठून उभा राहणार? हेच वाक्य १८५७ ला लावा, फ्रेंच राज्यक्रांतीला लावा, गिरणी कामगारांच्या संपाला लावा, सगळीकडे बसतं. जे सगळीकडे बसतं त्याचा, ज्या सुप्यात हे दंगे पेटले, त्या सुप्याशी काही संबंध उरत नाही.

पण हे वाक्य येतं कुठून हे मला ठाऊक आहे, आणि त्याच्याबद्दल मला रागही येत नाही. 'कारणे व परिणाम स्पष्ट करा' हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातोय. परीक्षेआधीच्या आठवड्यात मुलांच्या हातात जे गाइड असतं, त्या पिवळट, शाईचा वास येणाऱ्या कागदावर मुद्दे क्रमांक घालून दिलेले असतात, आणि तपासनीस मुद्दे मोजतो. तीन तासांत पाच प्रश्न सोडवणाऱ्या मुलीला तिथे भूमिका घेऊन काय मिळणार? घेतली आणि तपासनिसाला पटली नाही तर काय, ही भीती खोटी नाही. घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेलं मूल जोखीम घेत नाही, आणि मी तरी त्याला कोणत्या तोंडानं सांगू? फक्त घरी बसून, ग्रंथालय वापरून, तीन आठवड्यांत लिहायचा निबंध म्हणजे परीक्षेतलं उत्तर नव्हे. तिथे वाचणाऱ्याला माहिती आधीच असते. त्याला बघायचं असतं की या माहितीचं तुम्ही काय केलंत.

हे तोंडी सांगून पटत नाही. म्हणून मी तिला निबंधाची झेरॉक्स काढून आणायला लावली आणि ऑफिसातली कात्री घेऊन आम्ही मधले पाच परिच्छेद कापून वेगळे केले. पार्श्वभूमी. कापसाची तेजी-मंदी. शेतसारा. सावकारी. परिणाम. मग मी त्या पट्ट्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि तिला म्हटलं, वाच. कापूस सावकारीच्या मागे गेला होता, शेतसारा सगळ्यांत पुढे आला होता. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि हसू लागली. काहीच बिघडलं नव्हतं! एकही परिच्छेद दुसऱ्याच्या खांद्यावर उभा नव्हता, त्यामुळे कोणालाही कुठूनही उचललं तरी कोणी पडत नव्हतं. विधान नुसतं वर्णन करणारं असलं की निबंधाचं हे असं होतं. पहिल्या परिच्छेदातलं वाक्य वाचून कळलं नाही तरी पट्ट्या पिसल्यावर कळतंच.

"मग ठाम लिहू?" तिनं विचारलं.

दोन दिवसांनी ती ठाम वाक्य घेऊन आली. 'दख्खनचे दंगे हा गरीब शेतकऱ्यांवर झालेल्या घोर अन्यायाचा उद्रेक होता.' आवाज वाढला होता, पण परिस्थिती तीच. अन्याय झाला नाही असं कोण म्हणणार? विशेषण कितीही तापवलं तरी विधान वादाचं होत नाही, ते फक्त मोठ्यानं बोलतं. 'अत्यंत महत्त्वाचा टप्पा', 'मैलाचा दगड', 'काळा अध्याय' ही सगळी त्याच घरातली भावंडं. मी तिला एवढंच विचारलं की हे वाक्य खोटं ठरायचं असेल तर कागदपत्रांत काय सापडायला हवं? तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, काहीच नाही. तेव्हा ते वाक्य तिनं स्वतःच खोडलं.

तिसऱ्या वेळी ती दुसऱ्या टोकाला गेली. 'दंग्यांना सावकार नव्हे, तर इंग्रज सरकारच पूर्णपणे जबाबदार होते.' आता भांडायला माणूस सापडला असता यात शंका नाही. पण हे वाक्य तिलाच पेलणारं नव्हतं. १८६० नंतरच्या फेरआकारणीत सारा जबर वाढला हे तिच्याकडे होतं. गावंच्या गावं भडकली हेही होतं. या दोन गोष्टींमध्ये मात्र एक अडचणीची गोष्ट उभी होती: लोक कचेरीवर चालून गेले नव्हते, सावकाराच्या दुकानावर गेले होते. 'पूर्णपणे' या एका शब्दामुळे तिला ही अडचण झाकावी लागत होती. आणि विधान वाचवण्यासाठी पुरावा झाकायची वेळ आली की समजावं, विधान मापाचं नाही. मला या तिसऱ्या वाक्याची धास्ती पहिल्यापेक्षा जास्त वाटते, खरं सांगायचं तर. 'वादग्रस्त लिहा' असं सांगितलं की हुशार मुलं हेच करतात. घोषणा लिहितात. आणि आपण खूश होऊन मार्क देतो, कारण सपक निबंधांच्या गठ्ठ्यात निदान काहीतरी तिखट लागलेलं असतं.

मग मी विधानाचा विषयच सोडला. तिला म्हटलं, हे सगळं वाचताना तुला कुठे अडखळायला झालं? काय विचित्र वाटलं? ती त्याच भागातली, सुपं तिच्या गावापासून एसटीनं जवळच. दुष्काळी पट्टा, मे महिन्यात ढेकळांतून वाफा निघाव्यात अशी जमीन. ती जरा थांबून म्हणाली, "मॅडम, एवढा राग होता, एवढी माणसं जमली होती, तर त्यांनी सावकाराच्या हिशेबाच्या वह्या का मागितल्या? म्हणजे आमच्याकडे बांधावरून भांडण झालं तरी डोकी फुटतात. आणि इथे हजारो रुपयांचं देणं असून माणसाला सोडतायत आणि कागद जाळतायत."

हे तिच्या निबंधात कुठेच नव्हतं. म्हणजे घटना होती, '१२ मे १८७५ रोजी सुपे येथे जमावाने सावकारांच्या चोपड्या व कर्जरोखे जाळले' असं एक वाक्य होतं, पण त्यातला प्रश्न नव्हता. वादाचं विधान जन्माला येतं ते इथे, अडखळण्याच्या जागी. विषय सगळ्यांना सारखाच मिळतो. त्यातली खटकणारी गोष्ट मात्र ज्याची त्यानं शोधायची असते, आणि ती सापडली की 'का?' विचारायचं. त्या 'का'चं तुमच्या मते जे उत्तर आहे, ते म्हणजे तुमचं विधान. उलट क्रमानं, म्हणजे आधी दणदणीत वाक्य आणि मग त्याला आधार, असं गेलं की वर सांगितलेल्या तिसऱ्या वाक्यासारखी गत होते.

कागद का जाळले याच्या मागे लागल्यावर तिचं वाचन बदललं. आधी ती ज्या तपशिलांवरून घसरून गेली होती, तेच आता तिला हवे होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचत राहू नये. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा करून घेऊ लागला, थकलेलं व्याज मुद्दलात जाऊन बसायचं आणि त्या फुगलेल्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू. लिहिता न येणारा कुणबी खाली सहीऐवजी नांगराची निशाणी काढायचा. वर काय लिहिलंय ते त्याला वाचता यायचं नाही, पण दिवाणी कोर्टात मान होता तो त्या वरच्या मजकुरालाच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा कर्ज मागेल तितकं मिळत होतं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकारानं हात आखडता घेतला आणि तोपर्यंत केलेले रोखे घेऊन तो कोर्टाची पायरी चढला. नांगराच्या चित्रानं नांगराखालची जमीन जायची. हे वाचून ती म्हणाली की आता तिला सुप्यातली ती होळी दिसते.

तिचं चौथं विधान असं आलं: 'दंगेखोरांचा रोख सावकारावर नव्हता, तर कोर्टात टिकणाऱ्या कागदावर होता, म्हणून हा उठाव कर्जापेक्षा नव्या कायद्याविरुद्धचा मानला पाहिजे.' मला ते आवडलं. त्याला पाठबळ होतं. एवढ्या मोठ्या मुलखात पसरलेल्या दंग्यांत माणसांवर हात फार थोडा टाकला गेला, मागणी बहुतेक ठिकाणी चोपड्यांची आणि रोख्यांचीच होती. शिवाय १८७९ साली जो दिलासा कायदा झाला त्यानं नेमकं या कागदाचंच बळ कमी केलं. न्यायाधीशाला रोख्यातल्या आकड्यापाशी न थांबता मागचा सगळा हिशेब उकरायची मुभा मिळाली, गावोगावी दस्त नोंदवायची सोय झाली आणि शेतकऱ्याला देण्यापायी तुरुंगात टाकणं थांबलं. आणि विधान खोटं ठरायचं असेल तर काय सापडायला हवं, याचंही उत्तर तिच्याकडे तयार होतं: कागद सोडून दुसऱ्याच कशावर तरी राग निघाल्याचा पुरावा.

तो पुरावा तिलाच सापडला, ही या सगळ्यातली मला सगळ्यांत आवडती गोष्ट.

सरकारी चौकशी आयोगानं नोंदवलंय की ज्या गावांत मारवाडी-गुजराती सावकारांबरोबर ब्राह्मण आणि इतर स्थानिक सावकारही होते, तिथे स्थानिकांना बहुधा कोणी हात लावला नाही. रोखे त्यांच्याकडेही होते. त्यांच्यासाठीही कोर्ट तेच, कायदा तोच, तीन वर्षांची मुदत तीच. मग त्यांचे कागद का बचावले? ती अक्षरशः पडलेल्या चेहऱ्यानं आली. "मॅडम, गेलं माझं विधान. नवं शोधते." मी म्हटलं, थांब. कुठेतरी मोडू शकतं म्हणूनच ते विधान आहे, आणि मोडलंय ते एका कोपऱ्यात. तो कोपरा दुरुस्त केला तर ते आधीपेक्षा चांगलं होईल. अशा वेळी मुलं दोनच गोष्टी करतात असा माझा अनुभव आहे: एकतर तो पुरावा गपचूप वगळतात, नाहीतर विधान इतकं पातळ करतात की ते परत 'विविध कारणे होती'वर येऊन टेकतं. तिसरा रस्ता कष्टाचा आहे. नडणाऱ्या पुराव्यालाच विचारायचं, तू खरा आहेस तर मग मी नेमकं काय म्हणायला हवं?

ती परत १८७४ च्या अखेरीकडे गेली. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावापासून जे सुरू झालं तो दंगा नव्हता, बहिष्कार होता. बाहेरून आलेल्या सावकाराच्या दुकानातून कोणी काही घ्यायचं नाही, त्याची शेतं कोणी करायची नाहीत, न्हाव्यानं त्याची हजामत करायची नाही, परटानं कपडे धुवायचे नाहीत. म्हणजे गाव त्याला सांगत होतं की तू आमच्यातला नाहीस. हे आणि कागद जाळणं एकत्र ठेवल्यावर तिच्या वहीत पाचवं विधान उतरलं, बऱ्याच खाडाखोडीनंतर: 'कागद सगळ्याच सावकारांकडे होते, परंतु ज्याचे गावाशी असलेले नाते केवळ कोर्टात टिकणाऱ्या कागदापुरते उरले होते, त्याचेच कागद जाळले गेले. त्यामुळे १८७५ चा उठाव कर्जाविरुद्ध किंवा केवळ परकेपणाविरुद्ध नव्हता. कर्जाच्या व्यवहारातून गावाचा दाब काढून टाकणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध होता.' वाक्य लांब आहे, मान्य. मी असते तर दोन ठिकाणी छाटलं असतं. पण यातला प्रत्येक तुकडा काहीतरी काम करतोय. पहिला भाग स्थानिक सावकारांच्या अडचणीला उत्तर देतो, 'केवळ परकेपणाविरुद्ध नव्हता' हा दुसऱ्या सोप्या उत्तराला बाजूला करतो आणि शेवटचा भाग वाद अंगावर घेतो.

एक खड्डा मात्र तिच्या लक्षात आला नव्हता. तो मी दाखवला. ही सगळी सामग्री येते त्या आयोगाच्या अहवालातून, आणि आयोगाला मुळात शोधायला सांगितलं होतं की सरकारी साऱ्यामुळे लोक भडकले का. आयोगानं सांगितलं, नाही, सावकारामुळे. सरकारनं स्वतःला दिलेलं ते प्रशस्तिपत्रक होतं, आणि तो निष्कर्षसुद्धा एक विधानच, तेही भांडण्यासारखं. तू दोष कागदावर आणि सावकारावर टाकलास तर नकळत त्यांच्याच बाजूला जाऊन बसतेस. याचा अर्थ तो अहवाल फेकून द्यायचा असा नाही. त्यात नोंदलेल्या घटना वेगळ्या आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष वेगळा, इतकं निबंधात दिसलं तरी पुष्कळ. न्हाव्यानं हजामत नाकारली ही नोंद घ्यावी. 'म्हणून सारा निर्दोष' हे त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्यावं. तिनं त्यासाठी एक छोटा परिच्छेद लिहिला आणि साऱ्याला जागा करून दिली: वाढलेल्या साऱ्याची रोकड वेळेवर भरायची म्हणूनच तर कुणबी त्या कागदापर्यंत पोचत होता.

मग आली काटछाट. दीड हजार शब्दांत एवढं विधान सिद्ध करायचं तर बाकीच्यांना जागा रिकामी करावी लागते. कापसाचा परिच्छेद तिचा लाडका होता. त्यात लिव्हरपूल होतं, मुंबईचे व्यापारी होते, अमेरिकेच्या दक्षिणेतली बंद पडलेली बंदरं होती. आता त्याचं काम एवढंच उरलं की कर्ज आधी सैल आणि मग अचानक बंद का झालं. दोन वाक्यं. तिनं ती दोन वाक्यं ठेवली आणि उरलेला परिच्छेद खोडताना वहीवर अशी रेघ ओढली की मला माझ्या आईनं दळण टाकताना सांडलेल्या गव्हाकडे बघितलेलं आठवलं. विधानाचा खरा जाच हाच असतो. ते काय आत ठेवायचं ते सांगतं, आणि त्याहून कठोरपणे काय बाहेर काढायचं तेही. या वेळी मी कात्री काढली नाही, पण तिनं घरी पट्ट्या पिसून पाहिल्या होत्या म्हणे. बहिष्काराचा परिच्छेद जागेवरून हलला की होळीचा अर्थच लागत नव्हता.

वर्गात हे सगळं सांगितल्यावर व्हायचं तेच झालं. पुढच्या गठ्ठ्यात निम्म्या मुलांची विधानं 'जरी'नं सुरू होऊन 'तरी'वर गेली होती. 'जरी काहींच्या मते हे दंगे महत्त्वाचे नव्हते, तरी ते अत्यंत महत्त्वाचे होते.' साचा मिळाला की आपण सुटतो, असं वाटतं बिचाऱ्यांना. पण हे 'काहींच्या मते'मधले काही कोण? इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये खरोखरच असं मांडलंय की या दंग्यांचा बाऊ फार झाला, त्यांचा विस्तार आणि परिणाम सांगितला जातो तेवढा नव्हता. त्याआधी रविंदर कुमार यांनी इंग्रजी अंमलात कुणबी आणि वाणी यांच्यातला तोल कसा ढळला ते दाखवलं होतं. ही दोन खरी माणसं आहेत, खऱ्या मुद्द्यांसह. त्यांच्यापैकी एकाशी एका मुद्द्यावर भांडा, मग 'जरी'ला काही वजन येईल. भांडायला बुजगावणं उभं केलं तर जिंकूनही हाती काही लागत नाही.

तिचा नवा निबंध मी विभागातल्या एका ज्येष्ठ सरांना वाचायला दिला. ते दुपारच्या चहाच्या वेळी तो हातात घेऊनच आले आणि नेमकी ती तिथे वह्या द्यायला आली होती. शुद्धलेखनाबद्दल, संदर्भांबद्दल, अक्षराबद्दल ते काहीच बोलले नाहीत. ते तणतणत होते ते भलत्याच गोष्टीवर. "गावाचा दाब, गावाचा दाब काय लावलंय? अगं, जुना सावकार काय संत होता? गावचा पाटील त्याच्याच ओसरीवर बसून सुपारी कातरायचा. तो दाब कुणब्याच्या बाजूनं होता हे तुला कोणी सांगितलं? आणि भुसाराची दुकानं लुटली, घरं पेटवली, ते कुठल्या कागदात बसवतेस?" चहा निवत गेला. ती आधी थोडी बावरली, मग निबंध त्यांच्या हातून घेऊन तिसरं पान उघडलं आणि म्हणाली, "धान्याचं इथे आहे सर. पाटलाचं नाहीये. पण सर, पाटील जर सावकाराच्याच बाजूनं असता, तर मग बहिष्कार पाळला कसा गेला गावात?" सरांनी खुर्ची ओढली.